मटार सुटा राहावा म्हणून

डिसेंबर उजाडला की भाजीबाजारात मटाराचे ढीग लागतात आणि जानेवारीत भाव असा उतरतो की पाच किलो शेंगा घेतल्याशिवाय पाय निघत नाही. जुलै-ऑगस्टात पुरंदरचा वाटाणा येतो, पण त्याचा हंगाम लहान आणि भाव चढा. म्हणून वर्षभराची बेगमी करायची ती थंडीतच. घरोघरी ती होतेही. पण मार्चमध्ये पिशवी उघडली की दोनपैकी एक तक्रार हमखास ऐकू येते: मटार पिवळट पडून त्याला वाळल्या गवतासारखा वास येतो, नाहीतर सगळ्याचा मिळून एकच बर्फाळ गोळा होतो आणि वाटीभर दाण्यांसाठी तो ओट्यावर आपटावा लागतो.

या दोन तक्रारींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. पहिलीचं उत्तर उकळत्या पाण्यात आहे, दुसरीचं कोरड्या पंचात. गोळा झाला की बहुतेक जण पुढच्या वर्षी मटार आणखी थोडा वेळ उकळतात. त्यानं गोळा व्हायचा थांबत नाही, उलट दाणा मऊ पडतो आणि पाणी जास्त धरतो. म्हणून आधी वासाचं आणि रंगाचं बघू, मग बर्फाचं.

शेंग वेलीवरून तोडली तरी दाण्याच्या आतली कामं थांबत नाहीत. दाण्यात एन्झाइम नावाची प्रथिनं असतात. साखरेचा स्टार्च करणं, स्निग्ध अंश मोडणं, हिरवा रंग फिका करणं ही कामं ती करत राहतात. काल तोडलेला मटार आजच्यापेक्षा कमी गोड लागतो तो यामुळेच. थंडीत ही कामं मंदावतात, पण फ्रीझरमध्येही ती पूर्ण बंद पडत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांत संपवायचा असेल तर कच्चा मटार तसाच गोठवूनही फारसं बिघडत नाही. त्यापुढे मात्र वास आणि रंग दोन्ही उतरू लागतात. एन्झाइम निकामी करायचा घरगुती मार्ग एकच, उष्णता. थोडा वेळ उकळत्या पाण्यात टाकायचं आणि लगेच थंड करायचं, यालाच ब्लांचिंग म्हणतात.

यात अर्धवट काम सर्वात वाईट. कोमट-गरम पाण्यातून नुसता फिरवून काढलेला मटार कच्च्यापेक्षाही लवकर खराब होतो, कारण तेवढ्या उष्णतेनं एन्झाइम मरत नाहीत, उलट जोरानं कामाला लागतात. आणि वेळ जास्त झाली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं पाण्यात जातात, दाण्याची साल सुटते. म्हणून इथे अंदाज नको, घड्याळ हवं. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात घरगुती अन्नटिकवणीचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्याच्या तक्त्यात सोललेल्या मटारासाठी दीड मिनिट, फरसबीच्या तुकड्यांसाठी तीन मिनिटं आणि दाणे काढून ठेवायच्या मक्यासाठी, अख्खं कणीस असताना, चार मिनिटं दिली आहेत. हेच आकडे धरून चालावं.

पण हे दीड मिनिट मोजायचं कधीपासून? घरात चूक होते ती इथे. मटार टाकल्याबरोबर आधण थंड होतं, उकळी बसते. ती पुन्हा आली की मोजायला सुरुवात करायची. आणि ती एका मिनिटाच्या आत परत यायलाच हवी. आली नाही, तर पाण्याच्या मानानं मटार जास्त झाला असं समजावं. त्याच तक्त्याचं प्रमाण एक किलो भाजीला साधारण आठ लिटर पाणी असं येतं. ऐकायला हे भरमसाट वाटतं, पण उकळी न मोडण्यासाठीच ते आहे. आपल्या घरातल्या मोठ्या पातेल्यात पाच लिटर पाणी मावत असेल तर एका खेपेला सहाशे ग्रॅम दाणे, त्याहून जास्त नाही. पाणी दर वेळी बदलायची गरज नाही. तेच आधण पुढच्या खेपांना चालतं.

पाच किलो शेंगांचा हिशेब मांडून बघू. सोलल्यावर त्यातून दोन ते अडीच किलो दाणे निघतात. सोलतानाच दोन वाटे करावेत: कोवळे, हिरवेगार दाणे एकीकडे, आणि पांढुरके, टणक, जून दाणे दुसरीकडे. जून दाण्यात आधीच स्टार्च भरलेला असतो. तो गोठवून काही गोड होत नाही, त्याची उसळ आजच करून टाकावी. उरलेल्या दोन किलोच्या चार खेपा होतात. पण चारही एकाच दिवशी कराव्यात की नाही हे फ्रीझर ठरवतो, गॅस नाही. एका वेळी जास्त माल कोंबला तर फ्रीझरचंच तापमान वर चढतं आणि सगळं रेंगाळत गोठतं. अठ्ठावीस-तीस लिटर जागेला दिवसाला एक किलो, फार तर सव्वा, हा मान ठेवावा. घरगुती दोन दारी फ्रिजचा फ्रीझर पन्नास-साठ लिटरचा असतो, म्हणजे त्याला दिवसाला दोन किलो पुरे. फ्रीझर त्याहून लहान असेल तर निम्म्या शेंगा न सोलता फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी हात लावावा. सोललेल्या दाण्यापेक्षा शेंगेतला दाणा चांगला टिकतो.

आधणावर झाकण ठेवू नये. दाण्यातली आम्लं वाफेबरोबर निघून जायला हवीत, ती आत कोंडली की हिरवा रंग मळकट होतो. पहिल्या काही सेकंदांत मटार एकदम झगझगीत हिरवा दिसतो, कारण पेशींमधली हवा बाहेर पडते आणि आतला रंग उघडा पडतो. हा रंग बघून बरेच जण गॅस बंद करतात. पण रंग उजळला म्हणजे एन्झाइम संपले असं नव्हे, दीड मिनिट पूर्ण व्हायलाच हवं. पाण्यात खायचा सोडा टाकायची सवयही पुष्कळ घरांत आहे. सोड्यानं रंग टिकतो हे खरं, पण दाणा लिबलिबीत होतो आणि क जीवनसत्त्व जातं. वेळ पाळली तर सोड्याची गरज पडत नाही. साखर किंवा मीठ घातलं तर चवीपुरतं, टिकण्याशी त्याचा संबंध नाही.

दीड मिनिट झालं की झाऱ्यानं काढत बसायला वेळ नसतो. पहिले दाणे निघेपर्यंत शेवटचे शिजतात. त्यापेक्षा दाणे सैल मलमलच्या फडक्यात किंवा पातेल्यात बसणाऱ्या जाळीच्या चाळणीत घालूनच आधणात सोडावेत, म्हणजे एका झटक्यात बाहेर येतात. शेजारी थंडगार पाण्याची परात तयार हवी. पाणी पंधरा अंशांच्या खाली राहायला हवं, नळाचं पाणी आपल्याकडे तितकं गार क्वचितच असतं. म्हणून जितकी भाजी तितका बर्फ हे प्रमाण ठेवावं आणि आदल्या रात्रीच डबे भरून बर्फ लावून ठेवावा. जितका वेळ उकळलं किमान तितकाच वेळ थंड करायचं. एक दाणा चावून बघावा. तो आतपर्यंत गार लागला पाहिजे. बाहेरून गार आणि आत कोमट असा दाणा शिजतच राहतो आणि पुढे पिशवीत वाफ सोडतो. थंड पाण्यात मिनिटं मोजून झाली की बाहेर काढावा, भिजत ठेवू नये. भिजला की चवही जाते आणि आता जी खरी लढाई आहे ती, पाण्याची, तीही अवघड होते.

मटाराचा गोळा कशानं होतो? दाण्यांच्या आतल्या पाण्यानं नव्हे. ते सालीच्या आत गोठतं आणि तिथेच राहतं. गोळा होतो तो सालीवरच्या पाण्यानं. दोन दाणे जिथे टेकतात तिथे पाण्याचा थेंब ओढला जातो, तिथेच गोठतो आणि दोघांना जोडतो. पिशवीत असे शेकडो जोड झाले की झाला गोळा. म्हणून रोळीत निथळलं की काम झालं असं मानू नये. निथळलेल्या मटाराच्या एका मुठीत हात घातला तर तळवा ओला होतो, तेवढं पाणी गोळा करायला पुरेसं असतं. मोठा सुती पंचा किंवा जुनं धुतलेलं धोतर पसरून त्यावर दाणे एका थरात लोटावेत, दुसऱ्या पंचानं वरून हलकेच टिपावेत आणि पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवावेत. पंचाखालचं कापड बोटाला कोरडं लागलं आणि दाणे हलवल्यावर एकमेकांना न चिकटता घरंगळले की ते तयार. साल सुरकुतेपर्यंत वाळवू नये, नाहीतर दाणा पुढे चिवट होतो.

यानंतर ताट. थेट पिशवीत भरण्याआधी दाणे सुटे गोठवून घेणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि तीच बहुतेक वेळा गाळली जाते. अठ्ठावीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टीलच्या ताटात एका थरात साधारण साडेतीनशे ग्रॅम मटार मावतो. दुसरा थर चढवायचा नाही. स्टीलचं ताट बरं, कारण धातू उष्णता चटकन ओढून घेतो, प्लास्टिकचा ट्रे नाही. ताटं आधी रिकामीच फ्रीझरमध्ये ठेवून गार केली तर आणखी चांगलं. एकावर एक ठेवताना मध्ये वाट्या ठेवून हवा खेळती ठेवावी.

गोठण्याचा वेगही इथे मोजला जातो. दाणा शून्याखाली पाच-सहा अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला तर त्याच्या आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. असा मटार शिजवल्यावर बसका, पाणचट होतो. तोच पट्टा पटकन ओलांडला तर स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसानं लॅब्रडॉरच्या थंडीत गोठून गेलेले मासे महिन्यांनंतरही ताजे लागतात हे पाहिलं आणि त्यातून झटपट गोठवण्याची यंत्रं तयार केली. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याच्या पद्धतीनं गोठवलेला माल पहिल्यांदा विक्रीला आला, आणि त्यात मटारही होता. आपल्या घरात ती यंत्रं नाहीत, पण पातळ थर, गार ताट आणि थोडा माल यांनी त्यातला बराचसा फायदा पदरात पडतो. फ्रिजला जलद गोठवण्याचं बटण असेल तर ते दोन-तीन तास आधी दाबून ठेवावं.

चांगल्या फ्रीझरमध्ये दोन तासांत दाणे कडक होतात, जुन्या किंवा एकदारी फ्रिजमध्ये चार तासही लागतात. ताट किंचित हलवलं की खड्यांसारखा खणखणीत आवाज यायला हवा. मंद, बसका आवाज आला तर दाण्यांच्या पोटात अजून ओल आहे. रात्रभर उघडं मात्र ठेवू नये. फ्रीझरची कोरडी हवा दाण्यातलं पाणी शोषते आणि सालीवर पांढरे, कोरडे डाग येतात.

आता ताट बाहेर काढलं की घाई करायची, आणि का ते नीट समजून घ्यायला हवं. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट ठिकाणी गोठलेलं ताट ओट्यावर ठेवल्यावर मिनिटभरात दाण्यांवर धुक्यासारखा थर बसतो. तो हवेतला बाष्पाचा थर. तसेच दाणे पिशवीत भरले की मघाशी पंचानं टिपून काढलेलं पाणी वेगळ्या वाटेनं परत आलं. म्हणून एका वेळी एकच ताट काढावं, पिशव्याही तासभर आधी फ्रीझरमध्ये ठेवलेल्या असाव्यात, पंखा बंद असावा. पिशवी जाड, झिपची, फ्रीझरसाठीची. बाजारच्या पातळ पिशवीतून बाष्प हळूहळू निसटतं. पिशवी लहान, एका भाजीपुरती, दोन-अडीचशे ग्रॅमची ठेवावी. दाणे भरून पिशवी आडवी पसरावी, तळहातानं हवा काढावी आणि मगच झिप पूर्ण लावावी. पिशवीवर तारीख टाकावी.

फरसबीची रीत हीच, पण तिची एक खोड आहे. शेंग कोवळी, मोडल्यावर कट्‌ असा आवाज करणारी हवी. आतल्या बिया फुगलेल्या शेंगा घेऊ नयेत. दोन्ही टोकं आणि शिरा काढून इंचभराचे तुकडे करायचे आणि तीन मिनिटं. तुकडा म्हणजे पोकळ नळी, दोन्ही बाजूंनी उघडी. पाणी आत शिरतं आणि बाहेरून पुसून ते जात नाही. निथळल्यावर चाळण तिरकी धरून चार-पाच झटके द्यावेत, मग पंचावर पसरावी आणि पंख्याखाली मटारापेक्षा दुप्पट वेळ ठेवावी. फार बारीक चिरली तर तुकडे जास्त, म्हणजे उघडी टोकंही जास्त. भाजीसाठी बारीक चिरायची ती सवय इथे बाजूला ठेवलेली बरी.

मक्यात चिकटवणारं पाणी बाहेरचं नसून दाण्यातलं दूध असतं. कच्च्या कणसावरून सुरीनं दाणे उतरवले की दूध उडतं, दाण्यांवर पसरतं आणि गोठल्यावर गोंदाचं काम करतं. म्हणून सोललेलं अख्खं कणीस चार मिनिटं उकळायचं, थंड करायचं, पुसायचं आणि मगच दाणे काढायचे. उष्णतेनं दूध घट्ट झालेलं असतं, त्यामुळे ते फारसं गळत नाही. सुरी वापरायची तर दाण्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश उंचीवरून चालवावी. पार मुळाशी नेली तर बुरकंडाचे तूस बरोबर येतात. आपल्याकडे अंगठ्यानं एक ओळ मोकळी करून बाकीच्या ओळी त्यावर दाबत दाणे सोडवायची जी जुनी पद्धत आहे ती या कामाला उत्तम, कारण दाणा कापला न जाता अख्खा निघतो. वेळ जातो, पण ताटावर दाणे मोत्यांसारखे सुटे राहतात. कणसं मात्र आणल्या दिवशीच हातावेगळी करावीत, मक्याची गोडी उन्हाळी हवेत एका दिवसात निम्मी उरते. अख्खी कणसं गोठवायची असतील तर वेळ वेगळी: लहानाला सात मिनिटं, मध्यमाला नऊ, मोठ्याला अकरा, कारण उष्णता बुरकंडाच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला हवी.

एवढं करूनही पिशवीत बर्फ दिसला तर त्याच्या रूपावरून कारण ओळखता येतं. पहिल्याच आठवड्यात सगळे दाणे चिकटून काचेसारखा स्वच्छ बर्फ मध्ये दिसला, तर दाणे ओले भरले गेले. चव बिघडलेली नसते, फक्त पुढच्या वेळी पंचाला जास्त वेळ द्यायचा. सुरुवातीला दाणे सुटे होते आणि महिन्याभरानं पिशवीच्या आतल्या बाजूला भुसभुशीत हिमाचा थर जमला, तर तापमान सारखं खाली-वर होतंय. दार उघडलं की दाणे किंचित तापतात, त्यांच्यातून बाष्प निघतं, दार लागलं की ते पिशवीच्या गार अस्तरावर जमतं. बर्फ आपोआप काढणाऱ्या फ्रिजमध्येही हे होत असतं, कारण त्यातली तार ठरावीक वेळानं तापते. हे पाणी बाहेरून आलेलं नाही, ते दाण्यांतूनच निघालंय, म्हणून तितके दाणे कोरडे पडलेत. अशी पिशवी दारापासून लांब, मागे ढकलावी आणि आधी संपवावी. हवा नीट काढलेली असेल तर हे हिम कमी धरतं.

तिसरं रूप ओळखायला सोपं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पिशवीच्या एका कोपऱ्यात किंवा तळाशी बर्फाची सपाट लादी, तिच्यात रुतलेले दाणे आणि वरचे दाणे बसके. याचा अर्थ वीज गेली असताना पिशवी वितळली, पाणी खाली ओघळलं आणि पुन्हा गोठलं. किती वेळ ती वितळलेली होती हे कळायला मार्ग नसतो. अशी पिशवी टाकून द्यावी. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि दीड मिनिटाच्या उकळीनं मटार शिजलेला नसतो. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातल्या पाच देशांत लिस्टेरिया जंतूची लागण झाली, तिचा माग गोठवलेल्या मक्यापर्यंत पोहोचला. ४७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले ९ दगावले. तो तर मोठ्या कारखान्यातला माल होता. म्हणून गोठवलेले दाणे कोशिंबिरीत किंवा भेळेत तसेच घालू नयेत, वाफ आणून घ्यावी, गर्भवती आणि वयस्कर माणसांसाठी तर नक्कीच.

किती दिवस टिकेल हे फ्रीझरवर आहे. उणे अठरा अंश सतत राहत असेल तर आठ महिने ते वर्षभर. फ्रीझरच्या खणावरच्या तारका याच तापमानाच्या खुणा: तीन तारका म्हणजे उणे अठरा, दोन म्हणजे उणे बारा, एक म्हणजे उणे सहा. एकदारी फ्रिजच्या वरच्या छोट्या कप्प्यात बहुधा एवढी थंडी नसते. तिथे दोन-तीन महिन्यांपुरतंच ठेवावं आणि पाच किलोऐवजी दोन किलो शेंगांवर थांबावं. वापरताना पिशवी ओट्यावर वितळवत ठेवायची नाही. लागतील तेवढे दाणे काढून झिप लगेच लावायची, आणि दाणे गोठलेले असतानाच फोडणीत टाकायचे. ब्लांचिंगमध्ये ते थोडे शिजलेले असल्यामुळे मटारउसळीला नेहमीपेक्षा कमी वेळ लागतो, आणि पुलावात तर तांदळाला वाफ आल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत वरून पसरले तरी पुरतं.